पोस्टिंगच्या आठवड्याचा हिशोब: वॉर्ड, लेक्चर आणि घर

प्रश्न: मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोमवार ते शनिवार सकाळी ७ ते १ वॉर्ड, चार दिवस दुपारी दोन तास लेक्चर. घरी चार वर्षांची मुलगी आणि आजारी सासूबाई आहेत. रोज रात्री चार तास अभ्यास असं वेळापत्रक करते आणि तिसऱ्या दिवशी ते मोडतं. केअर प्लॅन लिहितानाच डोळे मिटतात. पुढच्या महिन्यात नाइट पोस्टिंग आहे. सारखी धडधड होते, घरच्यांवर चिडचिड होते. नेमकं काय बदलू?

उत्तर:

तुमचं वेळापत्रक मोडतं याचा दोष तुमच्या चिकाटीला देऊ नका. ते कागदावरच चुकलेलं आहे. आठवड्यात तास १६८. वॉर्डचे ३६, लेक्चरचे ८. जाण्यायेण्यात रोज दीड तास धरला तर ९. झोप रोज सात तास म्हणजे ४९. स्वयंपाक, मुलगी, सासूबाई मिळून रोज साडेचार तास, म्हणजे ३१.५. स्वतःची आंघोळ, जेवण, कपडे, गणवेश यांना रोज दोन तास, म्हणजे १४. बेरीज होते १४७.५ आणि उरतात साडेवीस. रोज चार तास अभ्यास म्हणजे आठवड्याला २८. साडेसात तास आधीच कमी पडतात, आणि केअर प्लॅन, प्रोसिजर बुक, ड्रग कार्ड यांचं लिखाण अजून यात धरलेलंच नाही. ते तास झोपेतून निघतात. तिसऱ्या दिवशी शरीर हिशोब मागतं आणि वेळापत्रक मोडतं.

तुमचे आकडे थोडे वेगळे असतील. एक आठवडाभर खरोखर किती वेळ कुठे गेला ते लिहून पाहा आणि अंदाजाने भरू नका. स्वतःच्या कामाला लागणारा वेळ माणूस कमीच धरतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध सरासरी ३४ दिवसांत होईल असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात ५५ लागले. ‘केअर प्लॅन दोन तासांत होतो’ असं बहुतेक विद्यार्थिनी सांगतात. घड्याळ लावून पाहिलं की तो साडेतीन-चार तासांवर जातो.

दोन केअर प्लॅनचे आठ तास आणि बाकी लिखाणाचे दोन काढले की साडेवीसमधून साडेदहा तास राहतात. हा तुमचा पोस्टिंगच्या आठवड्यातला अभ्यास. त्यातले सात तास ठरवा आणि साडेतीन मोकळे ठेवा, कारण मुलीला ताप येणार, बस चुकणार, एखादी प्रोसिजर लांबणार. ज्या आठवड्यात पोस्टिंग नाही, फक्त वर्ग आहेत, त्याचं वेळापत्रक वेगळं करा. जड विषयाचं नवं वाचन त्या आठवड्यात टाका. दोन्ही आठवड्यांना एकच तक्ता लावणं ही नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची सर्वात मोठी चूक असते.

आता हे साडेदहा तास वाढवायचे कसे? झोपेतून किंवा घरातून वेळ काढायला जाऊ नका. सर्वात जास्त गळती केअर प्लॅनमध्ये आहे आणि तीच थांबवता येते. तो चार तास खातो, कारण माहिती अर्धवट घेऊन तुम्ही घरी येता आणि रात्री पुस्तकातून ती भरून काढता. ‘त्याची लघवी किती झाली होती?’, ‘ड्रेनमध्ये काय रंग होता?’ हे आठवत बसण्यात तास जातो. मग पुस्तकातला नमुना उतरवला जातो, आणि ट्यूटरने बेडपाशी दोनच प्रश्न विचारले की ते उघडं पडतं. पुन्हा लिहावं लागतं ते वेगळंच.

उपाय असा की केअर प्लॅनचा सांगाडा वॉर्डमधून निघण्यापूर्वी तयार हवा. रुग्ण पोस्टिंगच्या पहिल्या किंवा दुसऱ्याच दिवशी निवडा. गुरुवारी निवडलेल्या रुग्णाला शुक्रवारी डिस्चार्ज मिळतो आणि मूल्यमापनाचा रकाना कल्पनेने भरावा लागतो. माहिती गोळा करायला स्वतंत्र वेळ मिळत नाही, म्हणून ती कामातच घ्या. अंग पुसताना, बेड करताना त्वचा, टाचा, कंबर, सलाईनची जागा, ड्रेन, ड्रेसिंग सगळं दिसतं. त्याच वेळी रुग्ण बोलतो, म्हणजे त्याची तक्रार त्याच्याच शब्दांत मिळते. खिशातल्या वहीत एक पान डावीकडे ‘तो काय सांगतो’ आणि उजवीकडे ‘मला काय दिसलं, मोजलं’ असं दुभागून ठेवा. नाव, नोंदणी क्रमांक लिहू नका आणि केसपेपरचा फोटो मोबाईलवर तर कधीच घेऊ नका. रुग्णाच्या खासगीपणाचा भंग होतो आणि कारवाईही होऊ शकते.

मग राउंड संपल्यानंतर आणि हँडओव्हरच्या आधी जो थोडा निवांत काळ मिळतो, बहुतेक वॉर्डांत साधारण ११ ते १२, त्यात वीस मिनिटं बसून तीन समस्या क्रमाने लिहा. प्रत्येकीखाली तिचा पुरावा आणि उद्या काय मोजणार ते लिहा. निवांत काळ तुमच्या वॉर्डात वेगळा असेल. पहिल्या दोन दिवसांत तो कधी असतो ते टिपून ठेवा आणि बसण्यापूर्वी इनचार्ज सिस्टरना सांगा, नाहीतर ‘विद्यार्थिनी बसून राहते’ अशी तक्रार ट्यूटरपर्यंत जाते.

एक उदाहरण घेऊ. पित्ताशयाची पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया, दुसरा दिवस. रुग्ण म्हणतो, ‘खोकलं की टाका फाटेल असं वाटतं.’ खोकताना वेदना १० पैकी ७. श्वास मिनिटाला २४, उथळ. ऑक्सिजन ९४ टक्के. ताप ३७.९ सेल्सिअस. फुप्फुसाच्या खालच्या भागात स्टेथोस्कोपने बारीक चरचर ऐकू येते. सकाळपासून बेडवरून उठलेला नाही. एवढं पाच-सहा ओळींत वहीत आलं की प्लॅनची दिशा ठरली. वरच्या पोटावर छेद आहे, म्हणून दुखतं. दुखतं म्हणून खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. त्यामुळे स्राव साचतो. तीन समस्या: श्वासमार्ग नीट मोकळा न होणं, तीव्र वेदना, संसर्गाचा धोका. ट्यूटर इथे हमखास विचारतात की पहिली कोणती. कागदावर श्वसन पहिलं, कारण प्राधान्याच्या नियमाने श्वास आधी. पण कृतीत डॉक्टरांनी लिहून दिलेलं वेदनाशामक आधी, कारण त्याशिवाय तो खोकणारच नाही. हे नातं एका वाक्यात लिहिलं की प्लॅन पुस्तकातून उतरवलेला नाही हे लगेच कळतं.

उद्दिष्ट ‘रुग्णाला बरं वाटेल’ असं लिहू नका. ते मोजता येत नाही आणि लाल शाईने परत येतं. ‘वेदनाशामक दिल्यावर तासाभराने खोकताना वेदना १० पैकी ३ किंवा कमी, उद्या सकाळपर्यंत श्वास मिनिटाला २० किंवा कमी’ असं लिहा. कृती चारच पुरतात, पण त्यांत प्रमाण हवं: बेडचं डोकं ३० ते ४५ अंश वर, खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरायला शिकवणं, जागेपणी दर तासाला दहा खोल श्वास, सूचना असेल त्याप्रमाणे आधार देऊन चालवणं. दुसऱ्या दिवशी वेदना ४, श्वास २०, ऑक्सिजन ९६ आला तर ‘उद्दिष्ट साध्य’ असं दडपून लिहू नका. श्वसनाचं साध्य झालं, वेदनेचं अंशतः झालं, आणि पुढे काय बदलणार, हे लिहा. अंशतः साध्य लिहिल्याने मार्क जात नाहीत. खोटं साध्य लिहिल्याने जातात.

सांगाडा तयार असेल तर घरी फक्त नीट उतरवणं आणि कृतींची शास्त्रीय कारणं लिहिणं उरतं. एक केअर प्लॅन दोन-अडीच तासांत होतो. दोन प्लॅनमागे आठवड्याला तीन ते चार तास सुटतात. ड्रग कार्डांचंही असंच आहे. दर प्लॅनसाठी नवं कार्ड लिहू नका. पॅरासिटामॉल, पँटोप्राझोल, ओंडान्सेट्रॉन, हेपॅरिन अशी वारंवार येणारी औषधं एकदाच नीट लिहून जाड कागदावर ठेवा आणि पुढच्या रुग्णासाठी फक्त ‘याला का दिलं, याच्यात काय पाहायचं’ या दोन ओळी बदला. वीस-पंचवीस कार्डांत सर्जिकल वॉर्डची बरीच औषधं येतात.

अभ्यासाच्या सात तासांविषयी थोडंच सांगते. थकलेल्या डोक्याने पुन्हा पुन्हा वाचणं सोपं वाटतं आणि फार कमी टिकतं. २००६ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने पुस्तक मिटून आठवणारे पुढे गेले. म्हणून लेक्चर ज्या दिवशी झालं त्याच दिवशी वीस मिनिटं, वही बंद करून, आठवेल ते लिहा आणि मग उघडून राहिलेलं वेगळ्या रंगात भरा. लेक्चरचा विषय वॉर्डातल्या एखाद्या रुग्णाला जोडता आला तर लगेच जोडा. प्रवासात जड वाचन होत नाही, गणित होतं. ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचं, सेट मिलीला २० थेंबांचा. ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, म्हणजे ४१.७, म्हणून मिनिटाला ४२ थेंब. अशी तीन गणितं रोज केली की महिन्याभरात वॉर्डात ट्यूटर शेजारी उभ्या असताना हात थरथरत नाही. हा ताणावरचा इलाजसुद्धा आहे, कारण पोस्टिंगच्या भीतीचा मोठा भाग ‘मला येत नाही आणि सगळ्यांसमोर कळेल’ हा असतो. दुसऱ्या दिवशी करायची एक प्रोसिजर आदल्या संध्याकाळी पंधरा मिनिटं, साहित्याच्या यादीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत, डोळे मिटून म्हणून बघणं हे त्या भीतीवर श्वासाच्या व्यायामापेक्षा जास्त चालतं.

घराकडे वळू. नर्सिंग शिकणाऱ्या सुनेवर किंवा मुलीवर एक जास्तीचं ओझं येतं, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. घरातली नर्स तीच समजली जाते. सासूबाईंच्या गोळ्या, शुगर, ड्रेसिंग, डॉक्टरांकडे नेणं सगळं ‘तुला कळतं ना’ म्हणून तुमच्याकडे येतं. कळतं म्हणून ठरवणं तुमच्याकडे ठेवा, पण रोजचं करणं वाटून द्या. सात दिवसांची, दिवसाला चार कप्प्यांची औषधांची डबी आणा. रविवारी पंधरा मिनिटं बसून चिठ्ठीशी ताडून तुम्ही ती भरा, आणि रोज देण्याचं काम पतीकडे किंवा घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाकडे द्या. रिकामा कप्पा म्हणजे गोळी घेतली, एवढी खूण पुरते. चिठ्ठी बदलली की मात्र डबी त्याच दिवशी रिकामी करून पुन्हा भरायची. जुनी गोळी डबीत राहून जाते ती अशाच वेळी. इन्सुलिन किंवा रक्त पातळ करणारं औषध असेल तर दुसऱ्या माणसाला आधी हाताने करून दाखवा आणि त्याच्याकडून करवून घ्या.

‘मला जरा मदत करा’ हे वाक्य घरात चालत नाही, कारण ऐकणाऱ्याला काय आणि कधी करायचं ते कळत नाही, आणि लक्ष ठेवणं पुन्हा तुमच्याचकडे राहतं. काम पूर्ण द्या, वेळेसकट: ‘मुलीला शाळेसाठी तयार करून ८ वाजता सोडणं, पोस्टिंगचे सहा आठवडे, तुमच्याकडे.’ दिल्यावर डब्यात काय भरलं यावर शेरा मारू नका. शेरा मारला की तिसऱ्या दिवशी काम परत येतं. पोस्टिंगचा तक्ता मिळाला त्याच दिवशी त्याची प्रत स्वयंपाकघरात लावा. नाइटचे आणि परीक्षेचे दिवस त्यात ठळक करा. पाहुणे बोलावण्याचे, दवाखान्याच्या तारखा ठरवण्याचे निर्णय मग तो तक्ता पाहून होतात आणि अर्धी भांडणं होतच नाहीत.

मुलीबाबत एक गोष्ट करून पाहा. घरी आल्यावर गणवेश बदलून, हात धुऊन, सर्वात आधी पंचवीस मिनिटं तिला द्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. बहुतेक आया आधी ‘कामं उरकून घेते’ म्हणतात आणि मूल संध्याकाळभर पदर ओढत राहतं, दर दहा मिनिटांनी काम तुटतं. आधी मिळालं की बहुतेक मुलं त्यानंतर बराच वेळ खेळात रमतात. तो तुमचा स्वयंपाकाचा किंवा लिखाणाचा वेळ. रोजच असं होईल असं नाही, चार वर्षांच्या मुलांचं वेळापत्रक कोणी लिहिलेलं नाही.

आजारपणासाठी दोन नावं आधी ठरवून ठेवा: मुलीला ताप आला तर पहिल्या दिवशी कोण थांबेल आणि ती व्यक्ती नसेल तर कोण. हे सकाळी सहाला ठरवायला गेलात तर उत्तर नेहमी ‘तू’ असतं. बुडालेले पोस्टिंगचे तास पुढे भरून द्यावे लागतात, तेही बहुधा सुट्टीत, म्हणून रजा खऱ्या अडचणीसाठी राखा. थांबावंच लागलं तर ड्युटी सुरू होण्याआधी ट्यूटरना आणि वॉर्डला दोन्हीकडे कळवा. नंतर सांगितलेलं कारण कितीही खरं असलं तरी बहाणा वाटतो.

आता नाइट पोस्टिंग, आणि इथे जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण बहुतेकींची घडी इथे विस्कटते. शरीराचं घड्याळ एका आठवड्यात उलटं होत नाही. पहाटे तीन ते पाच हा सर्वात वाईट काळ. शरीराचं तापमान तेव्हा सर्वात खाली असतं आणि चुका वाढतात. सकाळपासून घरात राबून तसंच रात्री ड्युटीवर जाणं हे त्यात सर्वात धोक्याचं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची हातांची आणि लक्षाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरलेली आढळली. सकाळी सहाला उठून रात्री ड्युटीवर गेलात तर अकरालाच १७ तास होतात आणि रात्र पुढे पूर्ण उभी असते.

ड्युटी रात्री ८ ते सकाळी ८ धरू. पहिल्या दिवशी दुपारी खोली अंधारी करून किमान दीड तास झोपा, झोप आली नाही तरी पडून राहा. चहा-कॉफी रात्रीच्या पहिल्या अर्ध्यात घ्या आणि दोनच्या आत थांबा. कॅफिन शरीरात अर्धं व्हायला साधारण पाच तास लागतात आणि सहा तास आधी घेतलेल्या मोठ्या मात्रेनेही झोप तासाभराने घटते असं आढळलं आहे. चारला घेतलेली कॉफी सकाळी दहाला तुमच्या झोपेच्या आड येते. रात्रीच्या ब्रेकमध्ये झोपण्याची परवानगी असेल तर गजर लावून वीस मिनिटंच झोपा. चाळीस-पन्नास मिनिटं झोपलात तर खोल झोपेतून उठून पंधरा-वीस मिनिटं डोकं बधिर राहतं. उठल्या उठल्या औषध काढायला जाऊ नका. पहाटेची औषधं, इंजेक्शनची मात्रा, रक्ताची पिशवी ताडताना दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्या, तुम्हाला खात्री वाटत असली तरी. थकवा आपली खात्री कमी करत नाही, फक्त अचूकपणा कमी करतो.

सकाळी परतताना दुचाकी चालवू नका. बसने या किंवा कोणाला न्यायला सांगा. डोळ्यांवर गडद चष्मा लावा, सकाळचा प्रकाश घड्याळाला ‘उठायची वेळ’ सांगतो. हलकं काही खाऊन साडेनऊच्या आत झोपा, दोनपर्यंत. मग मुलगी, जेवण, घर. पुन्हा साडेपाच ते साडेसहा एक तास. असे साडेपाच तास मिळतात. सात मिळणार नाहीत, म्हणून नाइटच्या आठवड्यात नव्या अभ्यासाचं उद्दिष्ट शून्य ठेवा. फक्त केअर प्लॅनचा सांगाडा आणि गणितं. ‘सकाळी आले की आधी स्वयंपाक उरकते, मग झोपते’ हा निर्णय सर्वात महाग पडतो. अकरानंतर शरीर जागं व्हायला लागतं आणि मग तीन तासांच्या वर झोप लागत नाही. म्हणून सकाळी ८ ते दुपारी २ घर दुसऱ्याकडे, हे बोलणं नाइट सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी व्हायला हवं. दारावरची बेल, फोन, शेजारी याचाही बंदोबस्त त्यात आला. नाइटनंतर लगेच लेक्चरला बसायला सांगितलं जात असेल तर वर्ग प्रतिनिधीमार्फत समन्वयकांशी लेखी बोला. एकटीने मागितलं तर सवलत वाटते, गटाने मागितलं तर वेळापत्रकाची दुरुस्ती होते.

शेवटच्या नाइटनंतर दिवसभर झोपू नका. तीन तास झोपून उठा, बाहेर उजेडात थोडं चाला आणि रात्री नेहमीच्या वेळी झोपा. दोन दिवसांत घडी बसते.

धडधड आणि चिडचिड याबद्दल. पहिली गोष्ट, सगळ्याला ताण म्हणून सोडून देऊ नका. सतत धडधड होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. रक्त कमी असणं आणि थायरॉइडचा बिघाड दोन्हींत धडधड, थकवा, चिडचिड होते आणि दोन्ही रक्ताच्या तपासणीत कळतात. छातीत दुखणं, धाप लागणं किंवा चक्कर सोबत असेल तर तपासणी त्याच दिवशी.

तपासण्या ठीक आल्या तर ताण कुठून येतो ते दोन आठवडे टिपा: कधी, कशाने, १० पैकी किती. बहुतेकींच्या नोंदीत तीन प्रकार निघतात आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. कामाच्या बोजाचा ताण वरच्या हिशोबाने उतरतो. अपुऱ्या झोपेचा ताण चिडचिडीच्या रूपात येतो आणि दोन-तीन रात्री नीट झोपलं की बराच कमी होतो. त्याला मनाचा दोष समजू नका. तिसरा वॉर्डमधला: सर्वांसमोर बोलणी बसणं, आपल्या रुग्णाचा मृत्यू. हा वेळापत्रकाने जात नाही. ड्युटी संपताच, घरी निघण्याआधी, दहा मिनिटं पोस्टिंगमधल्या एखाद्या मैत्रिणीबरोबर बसून चार ओळी लिहा: काय झालं, मी काय केलं, काय करता आलं असतं, उद्या कोणाला काय विचारायचं. चौथी ओळ महत्त्वाची. बोलणी ज्या गोष्टीवरून बसली ती दुसऱ्या दिवशी त्याच सिस्टरना शांतपणे ‘मला हे एकदा दाखवाल का?’ असं विचारलं की बहुतेकदा वातावरण बदलतं. बदललं नाही आणि अपमान रोजचाच असेल तर तारखा लिहून ट्यूटरकडे जा.

वॉर्डात ऐन वेळी घाबरायला झालं तर चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. लांब उच्छ्वासाने हृदयाचा वेग खाली येतो. रुग्णाच्या बेडपाशीही कोणाला न कळता हे करता येतं. पण चुकून औषध राहिलं किंवा उशीर झाला तर आधी इनचार्जना सांगा, श्वास नंतर. लपवलेल्या चुकीचा ताण आठवडाभर झोप घालवतो आणि रुग्णाला धोका होतो तो वेगळा.

एखादा आठवडा कोसळलाच, म्हणजे मुलगी आजारी, दोन प्लॅन बाकी आणि वर इंटर्नल परीक्षा, तर काय सोडायचं याचा क्रम आधीच ठरलेला असू द्या. आधी घराची टापटीप सोडा. मग नवं वाचन. मग केअर प्लॅनची सजावट, रंगीत शाई, आखीव तक्ते. त्यानंतर ट्यूटरना सांगून एका प्लॅनची मुदत वाढवून घ्या, मुदत संपण्याच्या आधी. नाइट नसलेल्या आठवड्यात सहा तासांच्या खाली झोप आणू नका. वॉर्डमध्ये दुसऱ्याच्या शिरेत औषध जाणार आहे.

दोन आठवड्यांहून जास्त बहुतेक दिवस उदास वाटणं, कशातच रस नसणं, पाठ टेकली तरी झोप न येणं, ड्युटीच्या नावाने रडू येणं, औषध दिलं की नाही हे पाच मिनिटांत विसरणं, असं काही असेल तर सगळं वेळापत्रक बाजूला ठेवून कॉलेजचे समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांना भेटा. जगणं नकोसं वाटण्याचे विचार आले तर त्याच दिवशी, घरातल्या एका माणसाला स्पष्ट शब्दांत सांगून, त्याला बरोबर घेऊन जा. त्या वेळी एकट्या राहू नका. वैद्यकीय कारणाची रजा किंवा पोस्टिंगची अदलाबदल मागायची असेल तर चिठ्ठीत ‘ताण’ एवढंच न लिहिता डॉक्टरांकडून लक्षणं, कालावधी आणि किती दिवसांची विश्रांती हे लिहून घ्या. तसा कागद असला की तास कधी आणि कसे भरून घ्यायचे हे कॉलेजला ठरवता येतं.